एक वाजून पन्नास मिनिटांनी

अल्का शहारे यांच्या नोकरीला चौतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरी आज नागपूर, रायपूरपर्यंत पसरल्या आहेत. त्यातली कोणतीही भेटली की अल्काताईंची एकच गोष्ट सांगते. इंजेक्शन कसं द्यायचं हे त्यांनी शिकवलं, पण त्याहून जास्त शिकवलं ते लिहायला. "जे पाहिलं ते लिही. जे ऐकलं ते कोणाकडून ऐकलं ते लिही. बाकीचं घरी नेऊन नवऱ्याला सांग," असं त्या म्हणायच्या आणि पोरी हसायच्या.

हे त्या कुठल्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. त्यांचे वडील यादोराव कामठ्याचे. शेतात काम नसलं की एका राइस मिलमध्ये हमाली करायचे. अल्का बारा वर्षांची होती तेव्हा मिलच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मिलवाल्यांनी एका कागदावर अंगठा घेतला आणि घरी सोडून दिलं. कागदाची एक प्रत यादोरावांनी खिशात घालून आणली होती. त्यांनी ती पोरीपुढे धरली. "वाच ना वो, का लिवलं हाय?" अल्काने वाचलं: "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला." पट्ट्याला जाळी नव्हती, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. यादोरावांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे मीच." पुढे ते वीस वर्षं जगले, पण बोटांचा विषय निघाला की आपणहून सांगायचे, "माहीच चूक होती गा." अंगठा दिला होता ना त्यांनी.

यादोरावांची पोर नर्स झाली. तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात, महामार्गापासून जरा आत, जिथे एका बाजूला धानाची बांधी आणि दुसऱ्या बाजूला जंगल सुरू होतं, तिथे ती पुरुष कक्षाची इन्चार्ज झाली. आणि निवृत्तीच्या चार महिने आधी, डिसेंबरातल्या एका मंगळवारी, तिच्याच हातून चूक झाली.

सोमवारी सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा वारला होता. अल्काताईंची रविवारी आणि सोमवारी सुटी होती. मंगळवारी सकाळी सव्वादहाला बिसराम सयाम दाखल झाला. बासष्ट वर्षांचा, जंगलाकडच्या एका टोल्यावरचा, म्हणजे लहानशा वाडीवरचा, गोंड शेतकरी. चार दिवसांचा ताप, छातीत कफ, श्वास लागलेला. बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ब्याण्णव. डॉक्टरांनी निमोनिया म्हणून औषधं सुरू केली. रिकामी खाट एकच होती. सहा नंबर.

बिसरामची बायको फुलवंता खाटेपाशी पोचली, तेव्हा शेजारच्या कोणीतरी सांगितलं की काल इथेच माणूस गेला. ती जागच्या जागी थांबली. त्यांच्या घरी माणूस गेला त्या खाटेवर तीन दिवस कोणी निजत नसे. आजाऱ्याला तर तिथे टेकूही देत नसत. तिने नवऱ्याला भिंतीला टेकवून खाली बसवलं आणि कक्षसेवक बकारामला विचारलं, "भाऊ, दुसरी खाट नाई का गा?"

"नाई ना बाई. साऱ्या खाटा फुल हायत."

हे सगळं नऊ नंबरवरून केवळराम रहांगडाले ऐकत होते. साठी उलटलेले पोवार गृहस्थ. पायाच्या जखमेसाठी आणि साखरेसाठी रविवारी दाखल झाले होते. स्वभावाने बोलके. "अवो, इकडे आणा त्याले. मी जातो सहावर. माह्याजवळ भूत येऊन का करन? ते बी साखर होऊन मरन." कक्ष हसला. फुलवंताने बकारामकडे पाहिलं. बकाराम म्हणाला, "घ्या बदलून, का होते." त्यानेच केवळरामांची पिशवी उचलून दिली. अकराच्या सुमारास दोघांच्या खाटा बदलल्या. केसपेपर मात्र टेबलावरच्या ट्रेमध्ये जिथल्या तिथे राहिले. केवळरामांच्या केसपेपरवर खाट ९, बिसरामच्या केसपेपरवर खाट ६.

त्या वेळी अल्काताई बाळंतिणीच्या खोलीत होत्या. दुसरी सिस्टर तिथे अडकली होती आणि त्यांना मदतीला बोलावलं होतं. त्या परत आल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. एकवीस रुग्ण, आणि जेवणाआधीची औषधं राहिलेली. ट्रेमधून केसपेपर काढून त्या एकेकाकडे जात राहिल्या. केवळराम रहांगडाले, खाट ९, जेवणाआधी साधं इन्सुलिन दहा युनिट. त्यांनी केवळरामांना कधी पाहिलं नव्हतं. ते आले तेव्हा त्या सुटीवर होत्या. नऊ नंबरवर पांढरी दाढी वाढलेला एक माणूस डोक्यावरून दुपट्टा घेऊन तापात पडला होता.

"केवळरामजी, सुई द्यायची हाय. जेवण आलं की जेवून घ्या, बरं का."

"हो," तो म्हणाला.

डोळेही उघडले नव्हते त्याने. सिस्टर काही विचारते आहे आणि सिस्टरला नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्याला कळलं होतं. त्याच्या गावातून येणारी माणसं दवाखान्यात प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. दुखतं का, हो. बरं वाटतं का, हो. अल्काताईंनाही हे चौतीस वर्षं माहीत होतं. म्हणून तर त्या नव्या पोरींना सांगायच्या की नाव आपण उच्चारायचं नाही, त्याला सांगायला लावायचं. फुलवंता त्या वेळी नळावर लुगडं धुवायला गेली होती. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी अल्काताईंनी दंडावर सुई दिली आणि केसपेपरवर सही केली.

बिसरामने त्या दिवशी काही खाल्लं नव्हतं. जेवणाचं ताट आलं आणि तसंच परत गेलं.

दोन वाजायला आले होते. दुपारच्या पाळीची समीक्षा नुकतीच येऊन चार्ज घेत होती. वर्षभरापूर्वी नर्सिंग संपवून आलेली, चटपटीत, प्रश्न विचारून भंडावणारी पोर. तेवढ्यात फुलवंता टेबलापाशी आली. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "सिस्टरबाई, पाहा ना वो. घामानं चिंब झालेत. मले ओळखून नाई राहिले. काई बी बोलून राहिलेत."

अल्काताईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सवयच होती ती. एक वाजून पन्नास मिनिटं.

त्या खाटेपाशी गेल्या. थंडीच्या दिवसात माणूस नाहून निघाल्यासारखा भिजला होता. हात थरथरत होते. "ताप उतरला असेल का?" समीक्षा म्हणाली. अल्काताईंनी साखर तपासायचं यंत्र मागितलं. बोट टोचलं, आकडा आला चौतीस. सत्तरच्या खालीच धोका असतो.

"सुई देल्ली ना तुमी मगा," फुलवंता म्हणाली. "मी नळावर होती. हे शेजारचे सांगून राहिले."

आणि त्याच वेळी सहा नंबरवरून आवाज आला. "मॅडम, माही सुई आज नाई का? जेवण बी होऊन गेलं."

अल्काताईंनी वळून सहा नंबरकडे पाहिलं. पण हात थांबले नाहीत. समीक्षाला त्यांनी ग्लुकोज काढायला सांगितलं आणि शिरेची सुई चालू आहे का ते बघितलं. डॉक्टर हिमांशू कटरे ओपीडीतून धावत आले, तेव्हा त्या पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "सर, साखर चौतीस. इन्सुलिन दहा युनिट मी दिलंय, बारा पस्तीसला. हे केवळराम नाहीत. मी चुकीच्या माणसाला दिलं."

डॉक्टरांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि मग फक्त बिसरामकडे. पंचवीस टक्के ग्लुकोज शंभर मिली शिरेतून गेलं. सव्वादोनला साखर एकशे सव्वीस. बिसरामने डोळे उघडले आणि बायकोला गोंडीत काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. सलाइनमधून ग्लुकोज चालू ठेवलं, कारण सुईचा असर अजून काही तास राहणार होता. दर तासाला साखर बघितली. ती पुन्हा खाली गेली नाही. पण दुपार उतरता उतरता श्वास वाढला. साडेचारला ऑक्सिजन लावूनही यंत्रावर शहाऐंशी. डॉक्टरांनी गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरवलं. सोबतच्या चिठ्ठीत इन्सुलिनची मात्रा, वेळ, साखरेचे सगळे आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. अल्काताई शेजारी उभ्या राहून वेळा सांगत होत्या.

गाडी येण्याआधी डॉक्टरांनी फुलवंताला आणि दुपारी गावाहून आलेल्या तिच्या मुलाला, दुर्गेशला, बाजूला घेतलं. "दुसऱ्या पेशंटची सुई यांना दिली गेली. साखर उतरली. आम्ही ती वर आणली. फुप्फुसाचा त्रास वाढलाय, म्हणून पाठवतोय."

"कोनं देल्ली?" दुर्गेशने विचारलं.

"मी," अल्काताई म्हणाल्या. "मी दिली. माफ करा."

दुर्गेश बापाच्या खाटेकडे परत गेला. फुलवंताने मात्र भलतंच विचारलं. "खाट बदलली म्हून झालं का वो हे?" तेवढ्यात गाडी दारात लागली आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

संध्याकाळी साडेपाचला अल्काताई सिस्टरांच्या खोलीत घटना अहवालाचा कोरा फॉर्म घेऊन बसल्या. त्यांची पाळी दोनलाच संपली होती. समीक्षा अधूनमधून येऊन बघून जात होती. अल्काताईंचं अक्षर मोठं आणि सुटं. त्या दिवशीही तसंच होतं, फक्त प्रत्येक ओळीनंतर पेन थांबत होतं.

"१२.३५: खाट ९ वरील रुग्णास साधे इन्सुलिन १० युनिट त्वचेखाली दिले. देणारी: मी. आदेश केसपेपरप्रमाणे दुसऱ्या रुग्णासाठी होता. देण्यापूर्वी मी केसपेपरवरील नाव उच्चारले. रुग्ण 'हो' म्हणाला. रुग्णास स्वतःचे नाव सांगण्यास विचारले नाही. केसपेपर क्रमांक पडताळला नाही."

ही शेवटची दोन वाक्यं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग खाटांचं. ते त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं. बकारामला बोलावलं.

"ताई, माहं नाव नका टाकू ना. पाया पडतो. कंत्राटी हावो मी."

"नाव कोणाचंच नसते रे यात. का झालं तेवढं सांग. त्या बाईनं तुले विचारलं होतं?"

"विचारलं ना. मी म्हणलो घ्या बदलून. सामान बी मीच उचललं." तो थांबला. "सांगाले पायजे होतं तुमाले. ध्यानातच नाई रायलं."

त्यांनी लिहिलं: "सुमारे ११.००: खाट ६ व ९ वरील रुग्णांनी आपसांत खाटा बदलल्या (रुग्णाची पत्नी व कक्षसेवक यांनी सांगितल्याप्रमाणे, मी पाहिले नाही). पत्नीने कक्षसेवकास विचारले होते. कारण, पत्नीच्या सांगण्यानुसार: आदल्या दिवशी खाट ६ वर मृत्यू झाला होता. बदलाची नोंद केसपेपरवर किंवा रजिस्टरमध्ये नाही."

समीक्षाने खांद्यावरून वाचलं. "मॅडम, हे पण टाका ना. वॉर्डात एकवीस पेशंट होते, तुम्ही एकट्या होता, म्हणून."

"एकवीस पेशंट टाकते. सिस्टर एक, तेही टाकते. म्हणून कशाला?"

"म्हणजे लोकांना कळेल ना कशामुळे झालं."

"कशामुळे झालं ते मला माहीत हाय का? एकवीस पेशंट तर मंगळवारी नेहमीच असतात. रोज चूक होते का माझ्याकडून?"

समीक्षाने फॉर्म पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाली, "बरं, मग हे तरी. पेशंटची हालत आधीच गंभीर होती."

"गंभीर म्हणजे किती? यंत्रावर का आलं होतं?"

"ब्याण्णव."

"मग ब्याण्णव लिही. वेळ लिही. वाचणारा ठरवेल गंभीर का नाही." त्या पोरीकडे पाहून हसल्या, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "मला वाचवू नको गं. कागदाला वाचव."

केवळरामांचंही लिहिलं. त्यांची साडेबाराची मात्रा वेळेवर गेली नव्हती. दोन चाळीसला साखर दोनशे अडुसष्ट, पुढचं डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे. दोघंही रुग्ण होते, फक्त एक चुकीचा आणि दुसरा विसरलेला, एवढाच फरक.

सहाच्या सुमारास डॉक्टर हिमांशू आले. तिशीचा माणूस, दोन वर्षांपूर्वी इथे आलेला. दिवसभरात चहासुद्धा घेतला नव्हता त्यांनी. उभ्या उभ्या अहवाल वाचला.

"सिस्टर, सगळं बरोबर आहे. पण एक वाक्य वर घ्या. अगदी सुरुवातीला." त्यांनी बोट ठेवलं. "'नातेवाइकांनी परवानगी न घेता परस्पर खाट बदलली.' फॅक्टच आहे ना हा?"

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"तिने विचारलं होतं. बकारामने हो म्हटलं. ते मी खाली लिहिलंय."

"बकाराम कोण परवानगी देणारा?"

"त्या बाईला कसं कळणार, सर? तिच्यासाठी निळा शर्ट घातलेला माणूस म्हणजे दवाखाना."

डॉक्टर खुर्चीत बसले. आवाज खाली आला. "सिस्टर, मी तुमच्यासाठीच म्हणतोय. चार महिने राहिलेत तुमचे. वरून विचारणा आली तर पहिलं वाक्य वाचतात हो लोक, बाकी कोण वाचतो? खाट बदलली नसती तर हे घडलंच नसतं. खोटं आहे का?"

"तो अंदाज झाला ना सर. मी नाव विचारलं असतं तर खाट बदलूनही घडलं नसतं. हे दोन्ही आपण चहा पिताना बोलू. कागदावर नको." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी एका वाक्यावर अंगठा दिला होता, सर. त्यांना वाचता येत नव्हतं. जन्मभर ते वाक्य खरं मानून बसले."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा कागद वाचला. शेवटी खाली सही केली आणि वेळ टाकली. जाताना दारातून म्हणाले, "बोलावणं आलं तर मी सोबत येईन तुमच्या." त्या माणसाबद्दल अल्काताई पुढे कोणाशीही वाईट बोलल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी गोंदियाहून फोन आला. बिसराम सयाम पहाटे गेला होता.

फोन समीक्षाने घेतला. तिने निरोप सांगितला तेव्हा अल्काताई ड्रेसिंगचा ट्रे लावत होत्या. त्यांनी ट्रे पूर्ण लावला. कापसाचे बोळे मोजून ठेवले. मग सिस्टरांच्या खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

तासाभराने समीक्षा आत गेली. अहवालाला जोडायची पुरवणी टेबलावर होती. मोठ्या सुट्या अक्षरात एकच ओळ. "माझ्या निष्काळजीपणामुळे रुग्ण दगावला."

अल्काताई खिडकीकडे पाहत होत्या. बाहेर कापणी झालेल्या बांधीत बगळे उतरले होते.

समीक्षाने ती ओळ दोनदा वाचली. या बाईला काही शिकवायची तिची छाती नव्हती. तरी तिने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कसं माहीत?"

"काय?"

"दगावला ते तुमच्यामुळे. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं का? फोनवर मी विचारलं होतं कारण. ते म्हणाले कागद अजून झाले नाहीत."

"समीक्षा, तू जा."

"साखर तर सव्वादोनलाच वर आली होती. नंतर उतरली नाही. मी असं नाही म्हणत की त्यानं काही झालं नाही. मला माहीत नाही. तुम्हाला पण माहीत नाही." पोरीने तो कागद त्यांच्याकडे सरकवला. "तुम्हीच म्हणता ना, अंदाज घरी न्यायचा."

अल्काताईंनी त्या ओळीकडे पाहिलं. निष्काळजीपणा. कामठ्याच्या घरात बारा वर्षांच्या पोरीने मोठ्यांदा वाचलेला शब्द. आता तिच्याच अक्षरात तो समोर पडला होता. रडून मोकळं व्हावं तसं त्यांनी तो लिहिला होता, आणि आता तो कागदावरून त्यांच्याकडेच बघत होता.

त्यांनी नवीन कागद घेतला. "गुरुवार, सकाळी ८.४०: रुग्णाचा पहाटे मृत्यू झाल्याची माहिती दूरध्वनीवरून मिळाली. मृत्यूचे कारण या रुग्णालयास अद्याप कळविलेले नाही." सही केली. इतकं कोरडं वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. जुना कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी नेला. तो पुढेही त्यांच्याकडेच राहिला.

दहा दिवसांनी फुलवंता आली. दुर्गेश सोबत होता. त्यांना दाखल होतानाच्या कागदांची नक्कल हवी होती, गोंदियाच्या दवाखान्यात मागितली होती म्हणे. दुर्गेश खिडकीपाशी रांगेत उभा राहिला आणि फुलवंता कक्षाच्या दारात येऊन थांबली. आत आली नाही. नऊ नंबरवर आता दुसरं कोणी होतं.

अल्काताईंनी तिला पाहिलं. त्यांना वाटलं आता ही शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल.

"बाई," फुलवंता म्हणाली, "त्या दिवशी तुमी लिवत होता ना. तो कागद."

"हो."

"त्यात माहं नाव हाय का?"

अल्काताईंना लगेच कळलं नाही. "काऊन विचारता?"

"टोल्यावर सारे म्हणून राहिले. सासू बी म्हणते. खाट बदलली म्हून गेला. तूनंच बदलली. तूनंच मारलं त्याले." तिने हे रडत सांगितलं नाही. चार-पाच वेळा सांगून झालेलं असावं तसं सांगितलं. "सरकारच्या कागदात बी तेच लिवलं असन, असं दुर्गेशचा काका म्हणते. मले वाचता नाई येत. मंग मी म्हणलं, जिनं लिवलं तिलेच इचारतो."

अल्काताई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर हिमांशूंनी ऐकून घेतलं. "कागद देता येत नाही, सिस्टर. पण काय घडलं ते जाणून घ्यायचा तिचा हक्कच आहे. वाचून दाखवा."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. अल्काताईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. शब्द कठीण आला की थांबून साधा करून सांगायच्या. सव्वादहा. ब्याण्णव. सुमारे अकराला खाटा बदलल्या, पत्नीने कक्षसेवकास विचारले होते. फुलवंता जमिनीकडे बघत ऐकत होती. बारा पस्तीस. देणारी, मी. नाव सांगण्यास विचारले नाही.

"हे कोनी लिवलं? तुमीच?"

"मीच."

"सोताच्याबद्दल?"

"हो."

फुलवंता बाकावर जरा जवळ सरकली. अल्काताईंनी पुढची ओळ वाचली.

"एक वाजून पन्नास मिनिटांनी: रुग्णास घाम आला आहे, ओळखत नाही व असंबद्ध बोलत आहे, असे रुग्णाच्या पत्नीने टेबलापाशी येऊन सांगितले. तत्काळ साखर तपासली. चौतीस."

"हे मी हावो का? पत्नी?"

"हो. तुम्ही."

"अजून कुठी हाय मी?"

"खाटेचं आहे तिथं, आणि इथं. बास."

"परत वाचा ना वो."

अल्काताईंनी परत वाचलं. फुलवंताचे ओठ त्यांच्यामागून हलत होते. एक वाजून पन्नास मिनिटांनी. पत्नीने सांगितले. तिला ते पाठ करायचं होतं, टोल्यावर सांगण्यासाठी. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"म्हंजे मीनंच सांगतलं होतं."

"तुम्हीच. आम्हाला कोणाला दिसलं नव्हतं."

"शुद्धीवर आले होते ते मंग. मले म्हणले, धान झाकलं का. पानी येईल म्हून." ती थोडी हसल्यासारखी झाली. "डिसंबरात कायचं पानी?"

आतून कोणीतरी सिस्टर म्हणून हाक मारत होतं. समीक्षा गेली असावी, हाक थांबली.

"बाई, एक सांगा," फुलवंता म्हणाली. "तुमच्या सुईनं गेले का ते?"

अल्काताईंनी हात चष्म्याकडे नेला आणि तसाच खाली घेतला. नाही म्हणावं असं त्यांच्या मनात होतं. हो म्हणावं असं त्याहून जास्त होतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. साखर वर आली होती. छाती आधीच भरलेली होती. त्या सुईनं अंगातलं किती बळ गेलं, ते मला सांगता येत नाही. कोणी सांगितलं तर मी तुम्हाला निरोप पाठवीन."

फुलवंताने मान हलवली. तिला हे उत्तर आवडलं नव्हतं, ते दिसत होतं. पण तिने ते घेतलं. दुर्गेश कागदाची नक्कल घेऊन आला आणि दुरूनच म्हणाला, "माय, चाल. गाडी निंगन." अल्काताईंकडे त्याने पाहिलं नाही.

ती उठली. दोन पावलं जाऊन वळली. "आता तुमाले का करतीन?"

"चौकशी लागली आहे. बघू."

"बकाराम भाऊले?"

"त्याला काही नाही. खाट बदलली की लगेच वहीत लिहायचं, एवढं ठरलं आता. आणि नाव विचारून सुई."

"बरं," फुलवंता म्हणाली, आणि मुलाच्या मागे निघाली. फाटकापर्यंत तिचे ओठ हलत होते.

चौकशी निवृत्तीपर्यंत संपली नाही. शेवटच्या दिवशी पोरींनी शाल आणि पेढे आणले, डॉक्टर चार शब्द बोलले आणि अल्काताईंनी नेहमीसारखी दुपारपर्यंत पाळी केली. साडेबाराला त्या ट्रे घेऊन नऊ नंबरपाशी थांबल्या. एक म्हातारा तोंडावर दुपट्टा घेऊन पडला होता.

"बाबा, तुमचं नाव काय?"

"हो," तो म्हणाला.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. दुपट्टा हळूच बाजूला केला आणि तो डोळे उघडेपर्यंत थांबून राहिल्या.